वेटेड ब्लँकेट: एका प्रौढासाठी बनवताना आणि तपासताना केलेल्या नोंदी

४ जून: कोणासाठी

प्रौढ व्यक्ती, वजन ६६ किलो, गादी ९० सेंटीमीटर रुंद, एकटीच झोपते. नोंदीत त्यांना ताई म्हणू. दिवा मालवला की छातीत धडधड, पाय सतत हलत राहतात, झोप लागायला फार वेळ जातो. चिंतेसाठी डॉक्टरांचे उपचार आधीपासून चालू आहेत आणि ते चालूच राहणार आहेत. वेटेड ब्लँकेट, म्हणजे कप्प्यांत मणी भरून जड केलेले पांघरूण, हे त्यांच्या जोडीला आहे.

पहिल्याच बोलण्यात कामाची गोष्ट कळली. कोणी घट्ट मिठी मारली तर ताईंना बरे वाटते, पण पाठीवरून हलका हात फिरवला की त्या अंग चोरतात. असे पुष्कळांचे होते. हलका, सरकता स्पर्श शरीराला सावध करतो. रुंद, घट्ट आणि स्थिर दाब सहसा शांत करतो. ज्याला हलका स्पर्श नकोसा वाटतो त्याला सगळाच स्पर्श नको असतो, असा अर्थ काढू नये. उलटही तपासावे लागते: काहींना दाबानेच कोंडल्यासारखे होते, आणि त्यांच्यासाठी इथेच थांबायचे.

ताईंना नकाराचे प्रश्न विचारून घेतले. झोपेत श्वास अडकतो का, मोठ्याने घोरणे आहे का, दमा किंवा फुप्फुसाचा दुसरा आजार, हृदयविकार, फिट्स, हातापायांत बधिरपणा, ठिसूळ हाडे, अलीकडची शस्त्रक्रिया, गरोदरपण. यातल्या एकालाही हो आले तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय शिवण्याचे काम सुरू करत नाही. शेवटचा प्रश्न असा की पूर्वी कधी कोणी जबरदस्तीने धरून किंवा दाबून ठेवले आहे का. तो लोकांना विचारायला अवघड जातो, पण तो गाळायचा नाही. तसा अनुभव असेल तर अंगावरचे वजन शांत करण्याऐवजी तीच आठवण जागी करू शकते. ताईंचे सगळ्यांना नाही.

६ जून: दहा टक्क्यांचा हिशेब

सगळीकडे सांगितला जाणारा ठोकताळा म्हणजे ब्लँकेट शरीराच्या वजनाच्या दहा टक्के असावे. त्या हिशेबाने ताईंना ६.६ किलोचे हवे, आणि बाजारातले ७ किलोचे तयार ब्लँकेट चालून जाईल असे वाटते. पण हा आकडा चाचण्या घेऊन ठरवलेला नाही, व्यवहारातून रूढ झालेला आहे. त्याची मोठी खोट ही की तो काट्यावरचे वजन सांगतो. अंगावर किती येते ते सांगत नाही.

तयार ब्लँकेट १५० गुणिले २०० सेंटीमीटरचे आहे असे धरा. क्षेत्रफळ ३ चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण २.३ किलो. पाठीवर झोपलेल्या माणसाचा छातीपासून पायापर्यंतचा भाग वरून पाहिला तर अर्धा मीटर रुंद आणि १.४ मीटर लांब, म्हणजे ०.७ चौरस मीटर. त्यावर थेट येणारे वजन जेमतेम १.६ किलो. उरलेले गादीवर पडते किंवा कडेने खाली लोंबते. लोंबणारा भाग अंगावरच्या भागाला बाजूला ओढतो, त्यामुळे दाब थोडा वाढतो. पण त्याचमुळे ब्लँकेट रात्री एका बाजूला सरकत जाऊन पहाटे जमिनीवर सापडते. मोठे ब्लँकेट रात्री निसटते अशी तक्रार आली की आधी गादीची रुंदी विचारावी.

म्हणून ब्लँकेटचे माप गादीवरून ठरवायचे, खाटेला झाकायच्या चादरीवरून नाही. ताईंसाठी १२० गुणिले १८० सेंटीमीटर धरले. ९० च्या गादीवर अंगाच्या उंचवट्यात थोडी रुंदी खपते आणि दोन्ही कडांना लोंबायला फारसे उरत नाही. दोघे झोपत असतील तर दोन वेगळी ब्लँकेटे. एकाच मोठ्याखाली झोपले तर एकाने कूस बदलली की दुसऱ्याच्या अंगावरचे वजन हलते.

७ जून: ब्लँकेट म्हणजे मिठी नव्हे

वेटेड ब्लँकेट म्हणजे रात्रभराची मिठी, असे सर्रास म्हटले जाते. ते किती खरे आहे ते मोजून पाहिले.

आपल्या ब्लँकेटचा हिशेब (पुढच्या नोंदीत आहे) दर चौरस मीटरला सुमारे ३.३५ किलो येतो. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक तृतीयांश ग्रॅम. आता घट्ट मिठी घ्या. दोन हातांचा आणि छातीचा मिळून १० किलोइतका जोर ६०० चौरस सेंटीमीटरवर पडतो असे धरले, तर दर चौरस सेंटीमीटरला १६-१७ ग्रॅम. अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तरी अंतर पन्नासपटीच्या घरात राहते. रक्तदाब मोजायचा पट्टा २० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत फुगवला की दंडाला जो सौम्य पण स्पष्ट आवळ जाणवतो, तो दर चौरस सेंटीमीटरला साधारण २७ ग्रॅम असतो.

म्हणजे ब्लँकेटचे वजन दुप्पट केले तरी ते मिठीच्या जवळपासही जात नाही. उलट कूस बदलणे, पांघरूण ढकलून देणे आणि उठणे मात्र खरोखर अवघड होते. ज्यांना मिठीइतका दाब हवा असतो ते आणखी जड, आणखी जड मागत जातात, आणि ही वाट चुकीची आहे. ब्लँकेटचे काम वेगळे. ते मोठ्या पृष्ठभागावर सौम्य, एकसारखा दाब देते आणि अंग हलले की प्रत्येक हालचालीला थोडा विरोध करते. ताईंसारख्या पाय हलवत राहणाऱ्यांना बहुधा दुसऱ्या गोष्टीचा जास्त उपयोग होतो.

१० जून: आराखडा आणि साहित्य

कप्पे १२ सेंटीमीटरचे चौकोनी. रुंदीत १०, लांबीत १५, एकूण १५०. वरच्या दोन ओळी रिकाम्या ठेवायच्या, म्हणजे डोक्याकडची २४ सेंटीमीटरची पट्टी नुसत्या कापडाची. झोपेत ब्लँकेट वर ओढले गेले तरी गळ्यावर आणि तोंडावर वजन येत नाही. तयार मालात ही सोय क्वचितच दिसते, कारण पूर्ण भरलेले ब्लँकेट हातात घेतल्यावर जास्त भारी वाटते आणि तेच खपते.

भरायचे कप्पे १३०, प्रत्येकात ४० ग्रॅम, एकूण ५.२ किलो. आतले सुती कापड दर चौरस मीटरला १५० ग्रॅमचे, दोन थर, शिलाईची जागा धरून ७०० ग्रॅम. काढता येणारी सुती खोळ ५५० ग्रॅम. सगळे मिळून सुमारे ६.४५ किलो. भरलेल्या भागात दर चौरस मीटरला सुमारे ३.३५ किलो पडतात. बाजारातल्या ७ किलोच्या मोठ्या ब्लँकेटपेक्षा हे काट्यावर हलके आहे, पण अंगावर चाळीस टक्क्यांहून जास्त दाबते. छातीपासून पायापर्यंत १.६ ऐवजी साधारण २.३ किलो येतात. दहा टक्क्यांचा नियम या दोन ब्लँकेटांत नेमका उलटा क्रम लावतो.

भरण काचेच्या बारीक मण्यांचे, एक मिलिमीटरच्या आतले. प्लास्टिकचे दाणे स्वस्त पडतात, पण तेवढ्याच वजनाला जवळपास पावणेतीनपट जागा घेतात. काचेचे ४० ग्रॅम कप्प्यात दोन मिलिमीटरचा थर होतात, प्लास्टिकचा थर अर्धा सेंटीमीटर होतो आणि ब्लँकेट फुगीर, खडबडीत लागते. प्लास्टिक खळखळतेही जास्त, आणि आवाजाने जागे होणाऱ्यांना तेवढे पुरते. धान्य भरायचे नाही: धुता येत नाही, ओल धरते, किडे होतात.

कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा मधला मऊ थर मुद्दाम वगळला. त्याने मण्यांचा खडा जाणवत नाही हे खरे, पण उष्णता कोंडते. अंग तापले की घाम येतो, नाडी वाढते, आणि चिंता असलेल्या माणसाला वाढलेली नाडी म्हणजे घाबरण्याचा झटका सुरू झाल्याची खूण वाटते. ब्लँकेट मानवले नाही म्हणून परत येते तेव्हा दाबापेक्षा उष्णतेचा दोष जास्त वेळा निघतो. म्हणून खोळही सुतीच.

१३ आणि १४ जून: शिलाई

क्रम असा. दोन्ही कापडे आधी धुऊन आटवून घ्यायची, नाहीतर पहिल्या धुण्यात कप्पे आकसतात. तीन बाजू शिवून पिशवी करायची आणि वरची बाजू उघडी ठेवायची. मग उभ्या शिलाया मारून दहा नळ्या करायच्या. प्रत्येक नळीत लांब दांड्याच्या नरसाळ्याने ४० ग्रॅम सोडायचे, ब्लँकेट उभे धरून झटकायचे म्हणजे मणी तळाला बसतात, आणि तळापासून १२ सेंटीमीटरवर आडवी शिलाई. एक ओळ भरायची, एक ओळ बंद करायची. दर वेळी वजन करत बसलो तर काम संपत नाही. एकदा ४० ग्रॅम मोजून छोट्या पेल्यावर खूण केली आणि त्या खुणेने भरले. दर दहाव्या कप्प्याला पेला काट्यावर ठेवून पाहिला. दोन ग्रॅमचा फरक अंगाला कळत नाही.

सुई शंभर नंबरची, दोरा जाड पॉलिएस्टरचा, टाका तीन मिलिमीटरच्या आत. टाका लांब झाला की मणी टाक्यांच्या मधून बाहेर येतात, आणि एकदा यायला लागले की ती फट रोज थोडी मोठी होते. प्रत्येक शिलाई दुहेरी.

सगळ्यात जास्त सुया मोडतात त्या आडव्या शिलाईत. कापड सपाट ठेवले की मणी शिलाईच्या रेषेखाली सरकतात आणि सुई काचेवर आपटते. सुई मोडली तर तिचा तुकडा शोधून काढल्याशिवाय पुढे जायचे नाही. नाहीतर तो कप्प्यात राहतो आणि पुढे कधीतरी अंगात घुसतो. उपाय सोपा आहे: रेषेच्या खालच्या बाजूला मोजपट्टी दाबून धरायची, मणी तळाकडे लोटायचे, आणि पट्टीला समांतर टाचण्यांची रांग लावून मगच मशीन चालवायचे. टाचण्या मोजून लावायच्या, मोजून काढायच्या.

दुसरी अडचण वजनाची. निम्म्या ओळी भरल्या की अडीच किलोहून जास्त भार मशीनवरून खाली लोंबतो आणि कापड मागे ओढतो. टाके एका जागी दाटतात, रेषा वाकडी जाते. भरलेला भाग मशीनच्या उंचीच्या दुसऱ्या टेबलावर पसरून ठेवला की हा त्रास जातो. शेवटच्या ओळींना दोन माणसे लागतात, एक शिवायला आणि एक कापड पुढे सरकवायला.

कप्पा १२ पेक्षा मोठा का नाही, हे वीस सेंटीमीटरचे कप्पे असलेल्या एका नमुन्यावर पाहून ठेवले आहे. अंगाचा उतार जिथे सुरू होतो तिथे मणी कप्प्याच्या खालच्या कडेला गोळा होतात. छातीवर नुसते कापड राहते आणि बरगडीच्या बाजूला मण्यांची गाठ टोचते. काट्यावर तेच वजन, पण अंगावर वाटप बिघडलेले.

खोळ आणि ब्लँकेट आठ ठिकाणी आतून नाड्यांनी बांधले. फक्त चार कोपरे बांधले की जड भाग खोळीत घसरून पायाशी गोळा होतो. धुवायची ती खोळच. आतले ब्लँकेट डाग पडला तर तेवढ्याच जागी ओल्या फडक्याने पुसायचे, कारण इतके वजन घरच्या मशीनच्या टाकीत एका बाजूला बसले की पिळताना ती थडथडते.

१७ जून: आधी बाहेर पडणे

आरामाची चाचणी नंतर. आधी सुटकेची, कारण जे ब्लँकेट स्वतःहून काढता येत नाही ते बंधन आहे.

ताई पाठीवर, दोन्ही हात आत, ब्लँकेट छातीपर्यंत. कोणाची मदत न घेता पाच सेकंदांत कमरेच्या खाली ढकलून उठून बसायचे. मग कुशीवर पडून तेच. मग फक्त डाव्या हाताने, कारण झोपेत उजवा हात अंगाखाली दबलेला असू शकतो. शेवटी अंधारात, शांत पडून राहिल्यावर अचानक उठायला सांगून. सगळे सहज जमले. पाच सेकंद हा आमचा ठरवलेला निकष आहे. कोणाला धडपड करावी लागली, श्वास रोखावा लागला किंवा दुसऱ्याकडे पाहावे लागले, तर खालच्या तीन-चार ओळींची शिलाई उसवून वजन कमी करतो. माणसाला सवय होईल म्हणून वाट पाहत नाही.

१८ जून: पहिले बसणे

दिवसा, झोपेच्या वेळी नाही. पहिल्यांदा रात्रीच अंगावर घेतले आणि बिघडले, तर ती रात्रही जाते आणि ब्लँकेटवरचा विश्वासही. सुरुवात चार पदरी घडी मांडीवर ठेवून, दहा मिनिटे. नंतर पायांवर. मग कमरेपर्यंत. छातीपर्यंत सगळ्यात शेवटी, आणि तेही ताईंनी स्वतः ओढून घेतले तेव्हा.

बसताना काय पाहतो: श्वास खाली पोटापर्यंत जातो की छातीच्या वरच्या भागात अडतो, खांदे कानांकडे चढतात का, बोलताना वाक्य मध्येच तुटते का, पायांना मुंग्या येतात का. श्वास लांबला आणि जबडा सैल झाला तर ठीक. माणूस एकदम गप्प आणि ताठ झाला तर ते शांत होणे नाही. हे दोन्ही दुरून सारखेच दिसतात, म्हणून विचारायचे. बोलणे जड जाते त्यांच्यासाठी आधीच खूण ठरवलेली असते: हाताने दोनदा थोपटले की लगेच काढायचे, कारण विचारायचे नाही.

पाय हलणे मांडीवरच्या घडीनेच बरेच कमी झाले. छातीवर घेतल्यावर ताई म्हणाल्या, "इथे नको, पोटापासून खाली बरं वाटतं." तसेच ठेवले. छाती मोकळी आणि कंबर-पाय जड, ही मांडणी पुष्कळांना मानवते, पण ब्लँकेटच्या जाहिरातीतला माणूस कायम हनुवटीपर्यंत पांघरलेला असतो.

२५ जून: हलक्या जोडीशी तुलना

बरे वाटते यावर थांबलो नाही. तेच कापड, तीच खोळ, तेवढेच कप्पे घेऊन दुसरे ब्लँकेट शिवले आणि कप्प्यांत फक्त पातळ फायबर भरले. वजन दीड किलोच्या आसपास. एक आठवडा जड, एक आठवडा हलके, नंतर पुन्हा उलट. रोज झोपण्याआधी आणि वीस मिनिटे पडून राहिल्यावर अस्वस्थतेला ० ते १० मध्ये गुण. दिवा मालवण्याची आणि उठण्याची वेळ वेगळी लिहायची. ताईंना कोणते जड ते हातात घेताच कळते, ही या चाचणीची खोट आहे आणि ती जाणार नाही.

२३ जुलै: नोंदवहीत काय निघाले

जड ब्लँकेटच्या रात्री अस्वस्थता सहसा ७ वरून ४ वर आली. हलक्याच्या रात्री ७ वरून ५ वर. म्हणजे उताराचा बराचसा भाग ठरलेल्या वेळी अंथरुणावर पडणे, वीस मिनिटे स्थिर राहणे, फोन बाजूला ठेवणे यांचा होता. वजनाचा वाटा उरलेला. झोपेच्या एकूण तासांत फरक दिसला नाही. पायांची हालचाल मात्र जडाखाली स्पष्ट कमी, आणि ताईंना जडच हवे.

एका माणसाच्या वहीवरून फार काही सांगता येत नाही, पण हे चित्र ओळखीचे आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत झोपेची गंभीर तक्रार असलेल्या ६७ स्वमग्न मुलांना दोन-दोन आठवडे जड आणि साधे ब्लँकेट दिले होते. मनगटावरच्या यंत्राने मोजलेली झोप वाढली नाही, तरी मुलांची आणि पालकांची पसंती जडालाच मिळाली. २०२० मधल्या एका स्वीडिश चाचणीत नैराश्य, चिंता, द्विध्रुवी विकार, एडीएचडी असलेले आणि निद्रानाश असलेले १२० प्रौढ होते. तिथे आत धातूच्या साखळ्या घातलेल्या ६ ते ८ किलोच्या ब्लँकेटने चार आठवड्यांत निद्रानाशाची तीव्रता चांगलीच उतरली, आणि तुलनेचे ब्लँकेट दीड किलोचे होते. ही तीव्रता प्रश्नावलीवर मोजलेली, म्हणजे माणसाला स्वतःला काय वाटते ते. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की सांगायचे वाक्य ठरते: पडून राहणे सुसह्य होते, झोपेचे तास वाढतीलच असे नाही. ताईंना तेच सांगितले.

२५ जुलै: ज्यांना खरोखर मिठीइतका दाब हवा

वजन वाढवण्यापेक्षा ताण वापरावा. लायक्राचे घट्ट जाकीट किंवा गादीभोवती बसवलेली लायक्राची नळीसारखी चादर वजनाशिवाय दाब देते. पण ताणलेले कापड सपाट भागापेक्षा गोल आणि बारीक भागावर जास्त दाबते. दाब म्हणजे ताण भागिले त्रिज्या. कापडाच्या दर सेंटीमीटर रुंदीला एक न्यूटन ताण धरला, तर १५ सेंटीमीटर त्रिज्येच्या धडावर ५ मिलिमीटर पारा इतका दाब येतो, आणि त्याच कापडाचा ३ सेंटीमीटर त्रिज्येच्या मनगटावर २५ येतो. त्यामुळे अंगाला सैल वाटणारी बाही मनगटाला वळ उठवते. बाह्या आणि पाय ढिले, धड घट्ट, असेच शिवायचे. काढल्यावर वळ अर्ध्या तासात गेले नाहीत किंवा बोटे गार पडली तर एक माप मोठे घ्यायचे.

एकसारखा दाब थोड्या वेळाने जाणवेनासा होतो, म्हणून जाकीट दिवसभर घालण्यात अर्थ नाही. पंधरा-वीस मिनिटे घालून काढायचे, हवे तेव्हा परत घालायचे. शाळेत मुलांना घालायला देतात त्या वजनाच्या जाकिटांबद्दल मात्र हात आखडता घेतो, कारण त्यांचा उपयोग होतो असे दाखवणारा पुरावा फार कमजोर आहे.

स्वतः स्वमग्न असलेल्या अमेरिकन पशुशास्त्रज्ञ टेम्पल ग्रँडिन यांनी तरुणपणी स्वतःसाठी दाबाचे यंत्र बनवले होते, गाईगुरांना धरून ठेवणाऱ्या चौकटीवरून सुचलेले, दोन बाजूंना मऊ पाट असलेले. त्यातला घेण्यासारखा भाग म्हणजे दाब किती, हे आत बसलेली व्यक्तीच ठरवत असे. माणसाच्या मिठीतही हेच साधायचे असते. आधी विचारायचे. शक्यतो बाजूने जवळ जायचे. पूर्ण तळहात आणि हाताचा पुढचा भाग दंडावर आणि खांद्याच्या पात्यावर टेकवायचा. बोटांनी चिमटायचे नाही, थोपटायचे नाही, चोळायचे नाही. बरगडीभोवती आवळायचे नाही, कारण श्वास घ्यायला ती फुगावी लागते. समोरच्याने हात सैल केले की आपणही सोडायचे. आणि माणूस झटक्यात असेल, धापा टाकत असेल किंवा ढकलत असेल, तेव्हा मिठी मारू नये. त्या क्षणी ती धरून ठेवणे होते. धरून ठेवलेल्या माणसाच्या धडपडीला श्वास कोंडल्याची खूण न समजता हट्ट समजले जाते, तिथूनच जीव जाण्याची वेळ येते.

२८ जुलै: २२ किलोच्या मुलासाठी विचारणा

ताईंचे ब्लँकेट पाहून एका घरातून विचारणा आली: मुलगा सात वर्षांचा, रात्री झोपत नाही, असेच लहान करून द्या. झोपेसाठी दिले नाही.

कॅनडातल्या क्यूबेकमध्ये २००८ साली नऊ वर्षांच्या एका स्वमग्न मुलाचा शाळेत वेटेड ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला असताना मृत्यू झाला. तेव्हापासून जे नियम सांगितले जातात ते साधे आहेत: डोके कधीही झाकायचे नाही, गुंडाळायचे नाही, मूल स्वतः बाहेर येऊ शकले पाहिजे, आणि मोठे माणूस समोर, पाहत असलेच पाहिजे. रात्रभर झोपलेल्या मुलाच्या बाबतीत शेवटची अट कोणी पाळू शकत नाही. तान्ह्या बाळांसाठी तर प्रश्नच नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२२ च्या सुरक्षित झोपेच्या सूचनांत बाळांसाठी वजनाची ब्लँकेटे, वजनाचे कपडे आणि वजनाची दुपटी नकोतच असे सांगितले आहे.

मुलासाठी मांडीवर ठेवायची १ किलोची उशी सुचवली, जागेपणी, गोष्ट ऐकताना, दहा-पंधरा मिनिटे. आणि झोप न येण्याचे कारण पाहायला बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितले, कारण पोटाचे दुखणे, नाक चोंदणे किंवा झोपेत श्वास अडकणे यावर वजनाचा उपयोग नाही, शेवटच्यावर तर अपायच. घरचे थोडे नाराज झाले.

१ ऑगस्ट: सुपूर्द

ब्लँकेटच्या पायाकडच्या कोपऱ्यात कापडी पट्टी शिवली आहे. तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने लिहिले: ६.४५ किलो. रिकामी पट्टी डोक्याकडे. एकाच प्रौढासाठी. मुले आणि पाळीव प्राणी यांच्यावर नाही. घरात पाहुण्यांची लेकरे आली की सोफ्यावर पडलेले ब्लँकेट खेळायला घेतात, म्हणून शेवटची ओळ मोठ्या अक्षरात.

तोंडी सांगितलेले: सर्दीने नाक बंद असेल, ताप असेल, दारू किंवा नवीन झोपेची गोळी घेतली असेल, त्या रात्री हलके ब्लँकेट. आठवड्यातून दोन रात्री हलके वापरायचेच, म्हणजे प्रवासात जड नाही म्हणून झोपच नाही अशी गाठ बसत नाही. झोपताना घाम येऊ लागला तर वजन कमी करण्याआधी खोळ काढून पाहायची. महिन्यातून एकदा प्रत्येक शिलाई उजेडासमोर धरून पाहायची, आणि चादरीवर एक जरी मणी दिसला तरी त्या दिवशीच कप्पा शोधून बंद करायचा. बरणीत मणी, दोरा आणि दोन सुया सोबत दिल्या आहेत.